३^२०२३ चा शेवटचा अंक कसा काढायचा? चक्राची रीत, पायरीपायरीने

२०२३ वेळा ३ लिहून ते सगळे एकमेकांना गुणले, तर येणारी संख्या ९६६ अंकी आहे. ती पूर्ण लिहायला घेतली तर वहीचं पान सहज भरेल. परीक्षेत मात्र तिच्याबद्दल एकच गोष्ट विचारतात: तिच्या एककस्थानी कोणता अंक आहे? उत्तर ७ आहे, आणि ते काढायला दोन ओळींचं कच्चं काम पुरतं.

मी आठवी ते दहावीच्या आणि स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलांना गणित शिकवते. हा प्रकार बहुतेकांना ‘चारने भागा आणि बाकी बघा’ एवढाच माहीत असतो. चारनेच का भागायचं आणि बाकी शून्य आली तर काय करायचं, हे कुणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे ३^२०२३ बरोबर येतं आणि २^२०२४ ला गाडी अडते. म्हणून इथे प्रत्येक पायरीमागचं कारणही लिहिलं आहे. कारण कळलं की पाठ करायला फारसं काही उरत नाही.

लेखात ^ ही खूण घातासाठी वापरली आहे. ३^४ म्हणजे ३ चा चौथा घात, ३ × ३ × ३ × ३ = ८१. यात ३ हा पाया आणि ४ हा घातांक.

आधी हाताशी काय हवं

कागद, पेन्सिल आणि एक ते दहाचे पाढे. एवढंच पुरतं.

कॅल्क्युलेटर या कामाला चालत नाही, आणि तो का चालत नाही हे आधीच समजून घेतलेलं बरं. साधा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर १० च्या १०० व्या घाताच्या आतल्या संख्यांपुरताच चालतो. त्यामुळे ३^२०२३ टाकलं की तो चूक दाखवून थांबतो. हे तरी बरं, कारण निदान उत्तर मिळालं नाही एवढं आपल्याला कळतं. स्प्रेडशीट जास्त फसवी आहे. तिथे `=3^32` लिहा आणि सगळे अंक दिसतील असा फॉरमॅट द्या. पडद्यावर `1853020188851840` दिसेल. खरी संख्या `1853020188851841` आहे. स्प्रेडशीट पहिले पंधराच अंक सांभाळून दाखवते आणि पुढच्या जागी शून्य भरते. आपल्याला हवा असतो नेमका शेवटचा अंक, म्हणजे तिने टाकून दिलेला. शंका यायला एक खूण पुरेशी आहे: ३ च्या कोणत्याही घाताच्या शेवटी ० येऊच शकत नाही, कारण शेवटी ० यायला संख्येला ५ ने भाग जावा लागतो आणि इथे तर नुसते तीनच गुणलेले आहेत.

पायरी १: एककाशिवाय बाकी सगळं झाका

सगळी रीत एका साध्या गोष्टीवर उभी आहे. दोन संख्यांच्या गुणाकाराचा शेवटचा अंक त्या दोन संख्यांच्या शेवटच्या अंकांवरूनच ठरतो. दशक, शतक, हजार यांचा त्यात काहीही हात नसतो.

उदाहरण घेऊ. ३^५ = २४३. पुढचा घात काढायला याला ३ ने गुणायचं. २४३ चे दोन भाग करा, २४० आणि ३. २४० × ३ = ७२०, याच्या शेवटी शून्य. ३ × ३ = ९. बेरीज ७२९. शेवटचा ९ आला तो फक्त ३ × ३ मधून, २४० कडून एककस्थानी शून्याशिवाय काहीच आलं नाही. २४० च्या जागी २४ कोटी असते तरी हेच झालं असतं, कारण ज्या संख्येच्या शेवटी शून्य आहे तिला कशानेही गुणलं तरी शेवटी शून्यच राहतं.

म्हणून पुढचा घात काढताना आधीच्या घाताचा शेवटचा अंक तेवढा लक्षात ठेवायचा, त्याला ३ ने गुणायचं, आणि आलेल्या उत्तराचाही शेवटचा अंक ठेवून बाकीचं सोडून द्यायचं.

पायरी २: चक्र स्वतः लिहून काढा

आता ३ पासून सुरुवात करू.

३^१ चा शेवटचा अंक ३.
३ × ३ = ९, म्हणून ३^२ चा शेवटचा अंक ९.
९ × ३ = २७, म्हणून ३^३ चा शेवटचा अंक ७.
७ × ३ = २१, म्हणून ३^४ चा शेवटचा अंक १.
१ × ३ = ३, म्हणून ३^५ चा शेवटचा अंक पुन्हा ३.

इथे थांबायचं. ३ परत आला म्हणजे त्याच्यापुढे पुन्हा ९ च येणार, मग ७, मग १. दुसरं काही येण्याची वाटच नाही, कारण पुढचा अंक आधीच्या अंकावरून ठरतो हे आपण पायरी १ मध्ये पाहिलं. तेव्हा ३ चं चक्र आहे ३, ९, ७, १ आणि त्याची लांबी ४.

चक्र लिहिताना प्रत्येक अंकाखाली त्याची जागा लिहून ठेवा. ३ खाली १, ९ खाली २, ७ खाली ३, १ खाली ४. यात ७ ही चक्रातली किंमत आहे आणि तिच्याखालचा ३ हा तिचा क्रमांक. या दोन ओळींची गल्लत फार सहज होते, कारण ३ आणि १ हे अंक दोन्ही ओळींत आहेत. मी मुलांना क्रमांकाची ओळ वेगळ्या शाईने लिहायला लावते.

काही जण मोठे घात पूर्ण काढत बसतात: ८१, २४३, ७२९, २१८७, ६५६१. ते चूक नाही, पण वेळ जातो आणि मधे कुठेतरी हातचा राहून जातो. शेवटचा अंक सोडून बाकीचं टाकून दिलं की हातच्याचा प्रश्नच येत नाही.

पायरी ३: घातांकाला चक्राच्या लांबीने भागा

चक्र चार अंकांचं आहे, म्हणून २०२३ ला ४ ने भागायचं.

४ × ५०५ = २०२०, म्हणून भागाकार ५०५ आणि बाकी ३.

याचा अर्थ असा: पहिल्या घातापासून २०२३ व्या घातापर्यंत जाताना ३, ९, ७, १ हे चक्र पूर्ण ५०५ वेळा फिरतं. २०२० व्या घाताला आपण चक्राच्या शेवटी, म्हणजे १ वर असतो. तिथून पुढे अजून तीन घरं जायचं आहे.

हेच घातांकांच्या नियमाने लिहिलं तर कारण आणखी स्पष्ट दिसतं:

३^२०२३ = (३^४)^५०५ × ३^३ = ८१^५०५ × २७

८१ च्या शेवटी १ आहे. १ ला १ ने कितीही वेळा गुणा, १ च राहतो. त्यामुळे ८१^५०५ चा शेवटचा अंक १. त्याला २७ च्या ७ ने गुणलं की ७. ज्यांना चक्राची कल्पना थोडी अधांतरी वाटते त्यांनी हीच ओळ उत्तरपत्रिकेत लिहावी. ती पूर्ण सिद्धता आहे, वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

भागाकार करताना एक सोय आहे. ४ ने भागल्यावर येणारी बाकी काढायला पूर्ण संख्या भागावी लागत नाही, शेवटचे दोन अंक पुरतात. १०० ला ४ ने निःशेष भाग जातो, म्हणून शतकाच्या पुढचं सगळं आपोआप निघून जातं. २०२३ मधले २३ घ्या: ४ × ५ = २०, बाकी ३. घातांक ९८७६५४३२१ असा नऊ अंकी दिला असला तरी २१ बघायचे, बाकी १.

इथला सर्वांत नेहमीचा घोटाळा म्हणजे ४ ऐवजी १० ने भागणं. शेवटचा अंक हवा म्हणून १० डोक्यात असतो आणि हात आपसूक २०२३ ला १० ने भागतो. २०२३ मध्ये गंमत अशी की १० ने भागूनही बाकी ३ च येते, म्हणून चूक उघडी पडत नाही. घातांक २०२२ घेतला तरी दोन्हीकडे बाकी २. पण ३^२०१७ घ्या. १० ने भागलं तर बाकी ७ आणि चारच्या चक्रात सातवी जागाच नाही. ४ ने भागलं तर बाकी १ आणि उत्तर ३. भाजक नेहमी चक्राची लांबी असतो.

पायरी ४: बाकी म्हणजे उत्तर नव्हे, बाकी म्हणजे जागा

बाकी ३ आली. आता चक्राकडे जा आणि तिसरी जागा बघा: ३, ९, ७, १.

म्हणून ३^२०२३ चा शेवटचा अंक ७.

मुलांच्या वह्या तपासताना या पायरीवर दोन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. पहिलीत सगळं बरोबर असतं, २०२३ = ४ × ५०५ + ३ असं व्यवस्थित मांडलेलं असतं, आणि खाली ‘उत्तर ३’ लिहिलेलं असतं. बाकीलाच उत्तर समजलं. दुसरीत बाकीऐवजी भागाकार उचलला जातो आणि ५०५ मधला ५ उत्तरात येतो. ५ हा अंक ३ च्या चक्रात नाहीच, तेव्हा उत्तर लिहिण्याआधी ते चक्रात आहे ना एवढं बघितलं तरी ही दुसरी चूक टळते. पहिली मात्र अशी सापडत नाही, कारण ३ चक्रात आहे. तिच्यासाठी जागांची खालची ओळ लिहिणं हाच उपाय.

पायरी ५: बाकी शून्य आली तर

या पायरीवर जरा थांबून विचार करा, कारण अर्धवट पाठ केलेली रीत इथेच फसते.

३^२०२४ घेऊ. २४ ला ४ ने भाग जातो, बाकी ०. चक्रात शून्यावी जागा नसते. बाकी ० म्हणजे चक्र नेमकं पूर्ण झालं, एकही घर उरलं नाही. मग आपण कुठे आहोत? चक्राच्या शेवटच्या अंकावर. ३ च्या चक्रातला शेवटचा अंक १, म्हणून उत्तर १.

काही ठिकाणी याच गोष्टीसाठी वेगळा नियम सांगतात: बाकी शून्य म्हणजे घात शून्य, आणि कोणत्याही संख्येचा शून्यावा घात १, म्हणून उत्तर १. ३ ला हा नियम बरोबर उत्तर देतो, ७ आणि ९ लाही देतो. म्हणून तो खरा वाटतो. आता तो २ ला लावा.

२ चं चक्र २, ४, ८, ६. २^२०२४ साठी बाकी ०. त्या नियमाने उत्तर १ यायला हवं. पण २ चा कोणताही घात सम असतो, त्याच्या शेवटी १ येणं अशक्य आहे. खरं उत्तर चक्राचा शेवटचा अंक, म्हणजे ६. पडताळून बघा: २^४ = १६, २^८ = २५६, २^१२ = ४०९६. सगळ्यांच्या शेवटी ६.

असं का होतं? ३ च्या चक्रात १ आहे, म्हणून ३^० = १ हा त्या चक्रात नीट बसतो. २ च्या चक्रात १ नाहीच. २^० = १ हा चक्राच्या बाहेर पडतो आणि चक्र २^१ पासून सुरू होतं. सम अंकांच्या बाबतीत १ चं काम ६ करतो: ६ × २ = १२, ६ × ४ = २४, ६ × ८ = ४८, ६ × ६ = ३६. म्हणजे सम अंकाला ६ ने गुणलं तरी त्याचा शेवटचा अंक जसाच्या तसा राहतो. म्हणून २^२०२४ = १६^५०६ च्या शेवटी ६ च टिकतो.

तेव्हा नियम एकच ठेवा: बाकी ० आली की चक्राचा शेवटचा अंक. तो सगळ्या अंकांना चालतो, अपवाद लक्षात ठेवावा लागत नाही.

पायरी ६: उत्तर दुसऱ्या वाटेने तपासा

तीच आकडेमोड परत केली तर तीच चूक परत होते, म्हणून पडताळा वेगळ्या वाटेने घ्यावा. ३^२०२३ साठी मला उलट्या बाजूने येणं आवडतं. २०२४ ला ४ ने भाग जातो, म्हणून ३^२०२४ च्या शेवटी १. आता ३^२०२३ ला ३ ने गुणलं की ३^२०२४ मिळतो. कोणत्या अंकाला ३ ने गुणल्यावर शेवटी १ येतो? तीनच्या पाढ्यात ३ × ७ = २१ हा एकच. म्हणून ७.

प्रश्नात सन घातांक म्हणून दिलेला असतो तेव्हा ही वाट फार सोयीची आहे. लीप वर्षाला ४ ने भाग जातो हे सगळ्यांना माहीत असतं, २०२४ लीप होतं, २०२३ त्याच्या एक अलीकडचं. शतकाच्या वर्षांना तेवढं जपा: १९०० आणि २१०० लीप नाहीत, तरी त्यांना ४ ने भाग जातोच.

संगणक हाताशी असेल तर पायथनमध्ये एका ओळीत खात्री होते:

```python
print(pow(3, 2023, 10))
```

उत्तर 7 छापलं जातं. यातला तिसरा आकडा 10 म्हणजे प्रत्येक गुणाकारानंतर १० ने भागून बाकी तेवढी ठेव, असं सांगणं. आपण पायरी २ मध्ये हाताने केलं तेच.

पायरी ७: पाया दुसरा असेल तर

पाया कितीही मोठा असो, त्याचा शेवटचा अंक घेऊन पुढे जायचं. २०२३^२०२३ चा शेवटचा अंक ३^२०२३ चाच, म्हणजे ७. मात्र हे छोटं करणं पायापुरतंच आहे. घातांकाचा शेवटचा अंक घेऊन चालत नाही, त्याला चक्राच्या लांबीनेच भागावं लागतं. १९९८^१९९८ मध्ये पाया ८ होतो, पण घातांकासाठी ९८ ला ४ ने भागायचं, बाकी २. ८ चं चक्र ८, ४, २, ६. दुसरी जागा ४.

०, १, ५ आणि ६ यांना चक्र काढावंच लागत नाही, त्यांच्या प्रत्येक घाताच्या शेवटी तोच अंक येतो. ४ चं चक्र ४, ६ आणि ९ चं ९, १. दोन्ही दोनच अंकांची, तेव्हा घातांक विषम असेल तर पहिला अंक, सम असेल तर दुसरा. उरले २, ३, ७ आणि ८, यांचीच चक्रं चार अंकांची आहेत. ७ चं चक्र ७, ९, ३, १. ही यादी पाठ करण्यापेक्षा दर वेळी लिहून काढा, चार छोटे गुणाकार असतात.

यादी बघितली की एक गोष्ट लक्षात येते. सगळ्या लांब्या १, २ किंवा ४ आहेत आणि ४ ला या तिन्हींनी भाग जातो. म्हणजे पाया कोणताही असो, पाचव्या घाताच्या शेवटी मूळ अंकच परत येतो: २^५ = ३२, ४^५ = १०२४, ७^५ = १६८०७. म्हणून गोंधळ होत असेल तर नेहमी ४ नेच भागा आणि चक्र चार जागांपर्यंत लिहा. ९ साठी ९, १, ९, १ असं. उत्तर चुकणार नाही.

पायरी ८: दोन घात एकत्र आले तर

बेरीज आणि गुणाकार सरळ आहेत. ३^२०२३ च्या शेवटी ७, ७^२०२३ च्या शेवटी चक्रातला तिसरा अंक ३. बेरीज १०, म्हणून ३^२०२३ + ७^२०२३ च्या शेवटी ०.

वजाबाकीत कोणती संख्या मोठी ते आधी बघा. ३^२०२३ − २^२०२३ मध्ये शेवटचे अंक ७ आणि ८. सातातून आठ जात नाहीत म्हणून दशकाकडून उसने घ्यायचे, १७ − ८ = ९. उत्तर ९. इथे ८ − ७ = १ असं उलटं करून मोकळं होणारे पुष्कळ असतात.

भागाकार मात्र शेवटच्या अंकांवर चालत नाही. (३^२०२३ − १) ÷ २ चा शेवटचा अंक विचारला आहे असं समजा. कंसातल्या संख्येच्या शेवटी ६. सहाचे निम्मे ३, पण १६ चे निम्मे ८ होतात आणि शेवटी तर तिथेही ६ च आहे. म्हणजे दशकस्थानचा अंक सम की विषम, हे कळल्याशिवाय ३ की ८ ते ठरत नाही.

यातून सुटायला भागाकार टाळायचा. ही संख्या म्हणजे १ + ३ + ९ + २७ + … + ३^२०२२ ही बेरीज आहे, एकूण २०२३ पदं. शेवटचे अंक १, ३, ९, ७ अशा क्रमाने फिरतात आणि एका फेरीची बेरीज २०, म्हणजे एककस्थानी शून्य. ५०५ पूर्ण फेऱ्यांकडून एककस्थानी काहीच येत नाही. उरलेली तीन पदं १, ३, ९, त्यांची बेरीज १३. म्हणून उत्तर ३.

पायरी ९: घातावर घात असेल तर

२^(३^२०२३) चा शेवटचा अंक कोणता? इथे २ चा घातांकच ती ९६६ अंकी संख्या आहे. तरी रीत बदलत नाही, फक्त प्रश्न दोन मजल्यांवर विचारायचा. २ चं चक्र चारचं, म्हणून आपल्याला ३^२०२३ ला ४ ने भागल्यावर उरणारी बाकी हवी.

इथे एक मोह होतो. ३^२०२३ च्या शेवटी ७ आहे हे आत्ताच काढलं, मग त्या ७ ला ४ ने भागून बाकी ३ घ्यावी. उत्तर योगायोगाने बरोबर येईल, पण वाट चुकीची आहे. शेवटी ७ असलेल्या १७ ची बाकी १ आहे आणि २७ ची ३. एकट्या शेवटच्या अंकावरून ४ ची बाकी कळत नाही, त्यासाठी शेवटचे दोन अंक लागतात.

म्हणून ४ च्या बाकीचंच चक्र काढा. ३ ला ४ ने भागून बाकी ३. ९ ची बाकी १. २७ ची ३. ८१ ची १. विषम घाताला ३, सम घाताला १. २०२३ विषम, म्हणून बाकी ३. आता २, ४, ८, ६ मधली तिसरी जागा: ८.

कंस कुठे आहे याकडेही नीट बघा. ७^(७^७) मध्ये आधी वरचा ७^७ घ्यायचा. ७ ला ४ ने भागल्यावर बाकी ३, आणि विषम घाताला ती ३ च राहते. चक्र ७, ९, ३, १ मधली तिसरी जागा ३. पण (७^७)^७ म्हणजे ७^४९. ४९ ला ४ ने भागून बाकी १, पहिली जागा ७. अंक तेच, उत्तरं वेगळी. छापील प्रश्नात कंस नसतील आणि घात एकावर एक चढवलेले असतील, तर ते वरून खाली वाचायचे, म्हणजे पहिल्या प्रकारासारखे.

शेवटचे दोन अंक हवे असतील तर

रीत हीच, फक्त प्रत्येक वेळी दोन अंक ठेवायचे. चक्र लांब होतं. ३ साठी ते २० जागांचं आहे, कारण ३^२० = ३४८६७८४४०१ च्या शेवटी पहिल्यांदा ०१ येतं. २०२३ ला २० ने भागून बाकी ३, तिसरी जागा २७. म्हणजे ३^२०२३ च्या शेवटी २७ आहेत. पायरी ९ मधली बाकी यावरूनही जुळते, २७ ला ४ ने भागून ३.

पण दोन अंकांना एक मर्यादा येते. २ चे घात लिहीत जा: ०२, ०४, ०८, १६, ३२… २१ व्या घाताला ५२ येतो आणि २२ व्या घाताला ०४. ०२ पुन्हा कधीच येत नाही, कारण दुसऱ्या घातापासून पुढे प्रत्येक संख्येला ४ ने भाग जातो आणि शेवटी ०२ असलेल्या संख्येला तो जात नाही. तिथे चक्र दुसऱ्या जागेपासून सुरू होतं. म्हणून दोन अंकांचं काम करताना पहिली संख्या खरोखर परत येते का ते बघूनच जागा मोजायला लागा.

सरावाला तीन उदाहरणं: ७^२०२२, ८^२०२४ आणि ३^(२^२०२३). उत्तरं ९, ६ आणि १. दुसऱ्यात बाकी शून्य येते. तिसऱ्यात २^२०२३ ला ४ ने निःशेष भाग जातो, म्हणून तिथेही बाकी शून्य.